तिळगूळ घ्या, पण गोड कोणी बोलायचं?



सद्भक्तहो, अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये एक कुमारी आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत ही गोष्ट सांगतात आणि नाथमहाराजांनी ती मराठीत फार प्रेमाने खुलवली आहे. घरची मोठी माणसं बाहेर गेलेली, आणि मुलीला मागणी घालायला पाहुणे दारात. त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसली, तर हातातली कांकणं वाजू लागली. आता मुलगी स्वतः कांडतेय हे पाहुण्यांना कळणार, म्हणून लाजून तिने एकेक करून कांकणं काढली. दोन राहिली तरी ती एकमेकांवर आपटायचीच. शेवटी एकच ठेवलं तेव्हा आवाज थांबला. अवधूतांनी यातून घेतलं ते हे, की पुष्कळ जण एकत्र राहिले की भांडण होतं, दोघं राहिले तरी बोलणं होतंच, म्हणून एकट्याने विचरावं.

अवधूतांचं ठीक आहे हो. पण आपण पडलो संसारी माणसं. बँकेचं कर्ज काढून बांधलेल्या घराला मधे एकच कुंपण आणि पलीकडे शेजारी. आपल्याला कांकण काढून ठेवता येत नाही. दोन कांकणं हातात ठेवून कांडायचं कसं, हा आपला प्रश्न. त्याबद्दल मी काही शास्त्र सांगणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. मी बत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली, त्यातली सहा धुळ्याच्या शाखेत. मी फक्त माझीच एक चूक आणि तिची दुरुस्ती लिहितो. चूक दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशीची, आणि दुरुस्ती संक्रांतीची.

मागल्या वर्षी दत्तजयंती १४ डिसेंबरला, शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी रविवारी संध्याकाळी जळगावात आमच्याकडे भरिताचा बेत. थंडी पडली की आपल्याकडे भरीत होणारच, त्यात नवल नाही. बँकेतले जुने सोबती सहकुटुंब मिळून पंधरा-सोळा माणसं. बामणोदची हिरवी वांगी आणली, लाकडी बडगी धुऊन ठेवली, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळून झालं. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या लागतात. भाच्याने त्या शेतातून आणल्या, पण त्या मागच्या वर्षीच्या वाळलेल्या नव्हत्या. नुकत्याच उपटलेल्या, आतून ओल्या होत्या. वाळलेल्या काड्या भसकन पेटतात, जाळ मोठा आणि धूर थोडा. ओल्या काड्या जळत कमी आणि धुमसत जास्त. त्यातून हिवाळ्याची संध्याकाळ, वारं पडलेलं. अशा वेळी धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरत राहतो. आणि जागा मी निवडली ती कुंपणाला लागून, म्हणजे आपल्या अंगणातली फरशी काळी होऊ नये!

पलीकडच्या घरात भाऊ राहतात. वय पन्नासच्या आसपास, मूळचे धुळ्याचे. बावीस वर्षांचा शेजार. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांच्या आई, आम्ही सगळे त्यांना मायच म्हणतो, बहुतेक त्यांच्याकडेच असतात. वय ब्याऐंशी, दम्याचा त्रास जुना. त्यांची खिडकी नेमकी त्याच बाजूला.

भाऊ कुंपणाशी आले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘नाना, मायला दम लागलाय. जरा लांब घेता का?’’

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, ‘‘घेतो.’’ पण हातात वांगं फिरवायचा चिमटा आणि भोवती पाहुणे. मी म्हणालो, ‘‘वर्षातनं एकदा असतं भाऊ. खिडकी लावून घ्या की. धुळ्याच्या माणसाला धुराचं कसलं कौतुक?’’

पाहुणे हसले. कोटी काही फार मोठी नव्हती, पण हसले. भाऊ काही न बोलता आत गेले. आम्ही भरीत कुटलं, वर कांद्याची पात घातली, पोटभर जेवलो. आणि त्या रात्री साडेअकराला मायला दवाखान्यात न्यावं लागलं, वाफ द्यावी लागली, हे मला सकाळी दूधवाल्याने सांगितलं. बावीस वर्षांच्या शेजाऱ्याला दूधवाल्याकडून कळावं? रात्री गाडी निघाल्याचा आवाज मी ऐकला होता, खोटं कशाला बोलू. कुठे चालले असतील म्हणून कूस बदलली.

चार दिवसांनी माय धाकट्या मुलाकडे धुळ्याला गेल्या. त्यानंतर आमच्यात भांडण असं काही झालंच नाही, हीच मोठी पंचाईत. आवाज नाही, शिवी नाही. फक्त त्यांचा पेपर दहा वाजता आमच्याकडे यायचा, तो यायचा थांबला. कुंपणातलं लहान फाटक आतून कडी लावलेलं दिसू लागलं. आणि एक दिवस आमची किल्ली त्यांच्या मुलाने पाकिटात घालून आणून दिली. ती हातात घेतली तेव्हा माझ्या सौ. देवासमोर जाऊन बसल्या, जेवायला उठल्या नाहीत.

संक्रांत जवळ आली. दोन दिवस आधी सौ. तीळ भाजायला बसल्या आणि मी मोबाईल घेऊन. म्हटलं, सणाचं निमित्त आहे, एक निरोप पाठवून टाकू. सुगडं आणि पतंगांचं तयार चित्र होतं, दोन बोटं लावली की जातं. सौ. म्हणाल्या, ‘‘ते तुम्ही सव्वाशे लोकांना पाठवता. भाऊंना एकशेसव्विसावे करता का?’’ मग मी स्वतः लिहायला बसलो.

पहिला मजकूर असा झाला: ‘वर्षभरात कळत-नकळत काही चुकले असल्यास क्षमा असावी. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.’ मला तो बरा वाटला. तरी मनात कुठेतरी खुपत होतं, आणि ते का खुपतंय हे मला माझ्या धंद्यातून कळलं. बँकेत एखाद्या खात्यात चुकीची रक्कम पडली तर ती नोंद खोडरबराने पुसता येत नाही. चुकीची नोंद तशीच राहते आणि तिच्यासमोर उलटी नोंद घालावी लागते. त्या उलट्या नोंदीला तारीख लागते, तीच रक्कम लागते, आणि कारण लिहावं लागतं. कारण नसलेलं व्हाउचर साहेब परत फेकत असत. आणि कुणाची, कशाची हेच माहीत नाही अशी रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहते. ‘कळत-नकळत काही’ म्हणजे सस्पेन्स खातं हो! त्यात माझी चूक ना माझ्या नावावर ना त्यांच्या, अधांतरी. आणि भाऊंना तर तारीख, वेळ, शब्द सगळं पाठ असणार.

दुसरा मजकूर मी सविस्तर लिहिला. धूर झाला हे खरं, पण काड्या ओल्या निघतील हे ठाऊक नव्हतं; बोललो हे खरं, पण गंमत म्हणून बोललो; दवाखान्याचं कुणी कळवलंच नाही. सौ.नी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, ‘‘यात माफी कुठाय? सगळं तर तुम्ही त्यांच्याच नावे टाकलंय.’’ खरंच होतं. प्रत्येक ‘पण’पाशी मी माझी जमा वाढवली होती.

तेव्हा त्यांनी जे बोलून दाखवलं, त्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. हात तिळात, वर न बघता म्हणाल्या, ‘‘आणि ते ‘गोड बोला’ काढा. कडू बोललात तुम्ही. गोड बोला असं त्यांना काय सांगताय?’’

मंडळी, इतकी वर्षं आपण ते वाक्य म्हणतो. शेजार चांगला असताना ते आशीर्वादासारखं लागतं. पण ज्याने दुखावलं त्यानेच ज्याला दुखावलं त्याला ते म्हटलं, तर ती आज्ञा होते. झालं ते गिळा आणि वर गोड बोला! मी भाऊंना तिळगुळासोबत हेच देणार होतो.

शेवटी कागदावर पेनाने लिहिलं. मोबाईलवर नको वाटलं, कारण तिथे त्या दोन निळ्या खुणा बघत बसायची मला सवय आहे आणि वाचून उत्तर आलं नाही की माझंच डोकं फिरतं. मजकूर हा असा:

‘भाऊ, १५ डिसेंबरच्या संध्याकाळी मी तुमच्या कुंपणाला लागून ओल्या काड्या पेटवल्या. मायला दम लागलाय हे सांगायला तुम्ही आलात, तेव्हा आग लांब घेण्याऐवजी मी तुम्हाला चार माणसांत धुळ्यावरून बोललो आणि ते तुम्हाला हसले. ही चूक माझी. रात्री तुमची गाडी गेली ती मी ऐकली आणि उठलो नाही, तीही माझीच. सोबत तिळगूळ आहे. मायसाठी वेगळा, मऊ केला आहे. तुम्ही हो म्हणालात तर धुळ्याला जाऊन मायच्या पाया पडून येईन. नको म्हणालात तरी माझा राग नाही. नाना.’

हसण्याचं वाक्य आधी माझ्या मजकुरात नव्हतं. मी धुराचीच माफी मागत होतो. सौ.नी विचारलं, ‘‘धूर खिडकीतून गेला तो गेला. तो माणूस परत फिरला तो कशामुळे?’’ मग ते घातलं. ते लिहिताना हात जड झाला, बाकीचं सोपं गेलं.

धुळ्याचं कलम का घातलं, तेही सांगतो. आपल्याकडे रीत अशी, की लहानाने मोठ्याकडे जायचं, तिळगूळ द्यायचा, वाकून नमस्कार करायचा. भाऊ माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी लहान, त्यामुळे दर संक्रांतीला तेच यायचे. यंदा ते कशाला येतील? आणि मी मोठा, मी कशाला जाऊ? दोघं आपापल्या घरात बसून राहिलो असतो तर रथसप्तमी आली असती नि गेलीही असती. मी हे सौ.ना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘‘त्या घरात तुमच्याहून मोठं कुणी नाही का?’’ माय होत्या. त्यांच्यापुढे वाकायला मला कुठली अडचण? रीत मोडली नाही, उलट रीतीनेच वाट काढून दिली.

आता मऊ तिळगुळाचं. आपण नेहमी चिकीच्या गुळाचा पाक करून वड्या थापतो किंवा लाडू वळतो. पाक जरा पुढे गेला की लाडू गोटीसारखा होतो. मायला खालचे चार दात, त्यांना तो देणं म्हणजे नुसता दाखवण्याचा उपचार. म्हणून सौ.नी बिनपाकाचा केला. अर्धा किलो गावरान तीळ, पॉलिशचे नव्हेत, मंद आचेवर थोडे थोडे भाजले. तीळ तडतडू लागले, फुगले, आणि चिमटीत चुरडल्यावर पीठ झालं की उतरवायचे; त्यापुढे एक मिनिट गेलं तरी कडवट होतात, आणि तो कडूपणा गूळ कितीही घातला तरी झाकत नाही. पाव किलो दाण्याचा कूट आणि चारशे ग्रॅम साधा, किसलेला गूळ. तीळ कोमट असतानाच जाडसर कुटायचे, मग त्यात कूट-गूळ घालून पुन्हा कुटायचं. तिळाचं तेल सुटतं आणि त्या तेलावरच लाडू वळला जातो, तूप लागत नाही. तीळ गार होऊ दिले तर तेल सुटत नाही आणि लाडू भुगा होऊन पडतो. तेलाला संस्कृतात स्नेह म्हणतात, हे प्रवचनात आपण दरवर्षी ऐकतो. मी ते त्या दिवशी खलबत्त्यात पाहिलं, दोन तास बत्ता माझ्याच हातात होता.

१४ जानेवारीला सकाळी डबा आणि कागद भाऊंच्या मुलाच्या हाती दिला. भाऊ कामावर होते. दिवस गेला. संध्याकाळी कॉलनीतली मुलं येऊन नमस्कार करून गेली, फाटकाची कडी काही वाजली नाही. दुसऱ्या दिवशी करिदिन, तो तसाच गेला. दोनदा माझ्या मनात आलं की ‘मिळालं का?’ म्हणून विचारावं. सौ.नी विचारू दिलं नाही. त्यांचं बरोबर होतं. असा निरोप एकदाच द्यायचा असतो. दुसरा पाठवला की तो तगादा होतो, आणि तगाद्याची पत्रं मी नोकरीत पुष्कळ टाईप केली आहेत, त्यांनी कुणाचं मन वळल्याचं आठवत नाही. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. तोवर तिळगुळाचे दिवस चालू असतात, म्हणजे भाऊंनाही वेळ होता.

पेशवाईतल्या पत्रव्यवहारात संक्रांतीला तीळशर्करा पाठवल्याचे उल्लेख येतात. त्यात मला आवडतं ते हे, की पाठवल्याचा मजकूर असतो तसा ती पावल्याचाही असतो. पावती आली म्हणजे नातं चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ; लगेच जिव्हाळा उतू चालला असं नाही.

आमची पावती तिसऱ्या दिवशी आली. मुलगा डबा घेऊन आला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, करतो तो मुद्दाम करतो. मी आधी डबा हलवून पाहिला, लाज कसली. आत त्यांच्या घरच्या तिळाच्या वड्या होत्या आणि चिठ्ठी. चिठ्ठीत देवपुरातला पत्ता, धाकट्या भावाचा फोन नंबर, आणि एक ओळ: ‘मायला जिना चढवत नाही, खालच्याच खोलीत असते.’ माफ केलं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मला तेवढं पुरलं.

रविवारी १९ तारखेला आम्ही दोघं एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचायला दोन-अडीच तास लागतात. दोघांनाही अर्धं तिकीट, तेवढीच म्हातारपणाची मिळकत. आधी पांझरेकाठी एकवीरादेवीचं दर्शन घेतलं. मी धुळ्याला असताना दर मंगळवारी जायचो. तिथून घर चालत दहा मिनिटांवर.

माय खाटेवर बसल्या होत्या, पाठीशी दोन उशा. मी वाकलो तर त्या म्हणाल्या, ‘‘ये भाऊ, बठ. इतला दिन कथा व्हता?’’ इतके दिवस कुठे होतास? मी काय सांगणार. धुराची माफी मागू लागलो तर त्यांनी हात हलवला. म्हणाल्या, ‘‘धूर ते मी जलमभर चुल्हाना खादा. पन मन्हा पोऱ्याले चार मानसंमा हसनात, ते बरं नई झायं.’’ जन्मभर चुलीचा धूर खाल्ला, त्याचं काही नाही, पण माझ्या मुलाला चारचौघांत हसलात, ते बरं झालं नाही. सौ. माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, ‘‘नाही झालं, माय.’’ त्यांनी एक लाडू घेतला, हिरडीने दाबून पाहिला आणि हळूहळू सगळा खाल्ला. मग विचारलं, ‘‘भरीत कसं व्हतं?’’

इथे एक सांगायला हवं. आमचं भांडण लहान होतं आणि चूक सगळी एका बाजूची होती, म्हणून ते कागदाच्या एका तुकड्यावर मावलं. हद्दीचा वाद असेल तर मोजणीच करून घ्यावी लागते, उसने पैसे असतील तर ते परतच करावे लागतात. बँकेत असताना एक गृहस्थ जामीनदार मित्राला दर संक्रांतीला हलव्याचं पाकीट पाठवायचे आणि हप्ते मात्र त्याच्याकडून वसूल व्हायचे. तो मित्र एकदा माझ्या काउंटरवर ते पाकीट न उघडता ठेवून गेला. दिवसभर ते तिथेच पडून होतं.

माय मार्चमध्ये, थंडी सरल्यावर, जळगावला परत आल्या. किल्ली अजून आमच्याकडेच आहे. ती पुन्हा त्यांच्याकडे ठेवायला द्यावी असं मला वाटतं, पण ते भाऊंनी मागायला हवं, मी पुढे करणं बरं नाही. पेपर मात्र जूनपासून येतो, दहाच्या ऐवजी अकराला. कुंपणाच्या भिंतीवर धुराचा काळा पट्टा होता, तो मी रंगवून देतो म्हणालो. भाऊ म्हणाले, ‘‘राहू द्या, दिवाळीत सगळंच रंगवायचंय.’’ दिवाळीत त्यांनी ती बाजू रंगवली.

यंदाचं भरीत भाच्याच्या शेतावर आहे. काड्या गेल्या हंगामातल्या आहेत, जूनपासून पत्र्याखाली रचून ठेवल्यात. भाऊ येणार आहेत. मायसाठी डबा घरी आणायचा आहे, त्यात मिरची कमी आणि लसूण वेगळा, असा निरोप कालच फाटकातून आला.